रुमालाखालची स्कूटर

नवल चुनीलाल पाटील याने उभ्या आयुष्यात कशाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याच्या लग्नात मी पंगतीला होतो. तेव्हासुद्धा लाडू हातात घेऊन तो बुंदीची कळी मोजत होता आणि आचाऱ्याकडे संशयाने बघत होता. माणूस शहाद्याकडच्या कळसाडी गावचा, घरचा गुजर शेतकरी, घरी कापूस आणि ऊस भरपूर. पण शेतात राबण्यापेक्षा दुसऱ्याच्या शेतातल्या मालाला नावं ठेवणं त्याला जास्त मानवलं. तो नंदुरबारला येऊन मिरचीचा दलाल झाला.

दलालाचं काम काय, तर व्यापाऱ्यासाठी माल हेरायचा आणि भाव पाडायचा. नवल ढिगात हात घालायचा, एक मिरची उचलायचा, देठ मोडायचा, वास घ्यायचा आणि जणू घरात कुणी गेल्याची तार आलीय असं तोंड करायचा. मग म्हणायचा, "रंग उडेल शे." शेतकरी बिचारा आपल्या लालबुंद ढिगाकडे बघायचा आणि त्यालाही तो रंग उडालेला दिसायला लागायचा. ही विद्या नवलला कुणी शिकवली नव्हती. ती त्याच्या स्वभावातच होती, आणि तिच्यावर त्याने शहरात दोन खोल्यांचं घर बांधलं.

मी तेव्हा मामलेदार कचेरीसमोर बसून अर्ज लिहायचो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टंकलेखन येणारा त्या फुटपाथवर मी एकटाच, म्हणून माझा मान होता. निदान मी तसं समजत होतो. लोक मला आप्पा म्हणायचे. जमिनीच्या फाळण्या, बापाने मुलाविरुद्ध केलेल्या तक्रारी, बदलीच्या विनवण्या हे सगळं माझ्या हाताखालून जायचं. माणसं किती क्षुद्र गोष्टींसाठी किती मोठे शब्द मागतात हे बघून माझं माणसांविषयीचं मत फार आधीच खालावलं होतं. नवलने त्यात काही सुधारणा केली नाही.

त्याच्याकडे लँब्रेटा स्कूटर होती. दुसऱ्याकडून घेतलेली, पण खणखणीत. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी नवी स्कूटर मागितली की नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुलाच्या जन्मावेळी नाव नोंदवलं आणि गाडी त्याच्या मुंजीला आली, अशी आमच्याकडे थट्टा चालायची. त्यामुळे ज्याच्याकडे चालती गाडी असे तो तिचे पाय धुवून पाणी प्यायचा, आणि विकायचीच झाली तर शोरूमपेक्षा जास्त पैसे मागायचा. ते त्याला मिळायचेही.

नवलचा धंदा त्या गाडीवर चालायचा. बाकीचे दलाल सायकलवर किंवा बैलगाडीत बसून गावोगाव जाईपर्यंत हा शहादा, प्रकाशा, तळोदा फिरून उभ्या पिकाला नावं ठेवून परत आलेला असे. कोणाच्या शेतात किती माल येणार हे त्याला आधी कळायचं, आणि व्यापारी त्याचंच ऐकायचे.

तर ही स्कूटर दिवाळीच्या सुमारास नंदुरबार स्टेशनबाहेरून चोरीला गेली. वॅगन भरण्यावर लक्ष ठेवायला तो आत गेला आणि बाहेर येऊन बघतो तर जागा मोकळी. कुलूप लावलेलं होतं, दोन्ही किल्ल्या त्याच्याजवळ होत्या. त्याने लगेच फिर्याद दिली, पंचनामा झाला. पोलिसांनी सुरत लाइनीवर चौकशी केली, भुसावळकडे केली, काही निघालं नाही. काही महिन्यांनी कोर्टाने गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा शेरा मारून तपास बंद केला, त्याला 'ए समरी' म्हणतात. तो कागद विमा कंपनीला लागतो. नवलने तो पाठवला, गाडीचं रजिस्ट्रेशनचं बुक पाठवलं, दोन्ही किल्ल्याही पाठवल्या.

विमा पुरा होता, चोरीचा धोका धरून. पॉलिसीवर गाडीची किंमत अडीच हजार लिहिली होती, हप्ता दरवर्षी त्या रकमेवर घेतला जात होता.

कंपनीने सुरतेहून एक तपासनीस पाठवला. मगनभाई त्याचं नाव. गोरा, लठ्ठ, कपाळाला घाम, बगलेत चामड्याची बॅग. तो स्टेशनातून पायी आला आणि नवलच्या ओट्यावर बसून निम्मा वेळ पंख्याने वारा घेत होता. नवल त्याला समजावत होता की गाडी कशी होती, किती जपली होती. मगनभाई "हां, हां" करत होता, आपण स्कूटरला नाव नोंदवून सहा वर्षं झाली तरी सायकलच मारतोय असं मध्येच सांगत होता, आणि शेजारच्या अंगणात बघत होता.

शेजारी गजराबाई राहायची. तिचा नवरा दगडू सोसायटीत सेक्रेटरी होता. चार वर्षं वाट बघून त्याला स्कूटर मिळाली आणि दीड वर्षात तो गेला. गाडी नवलच्या गाडीच्याच सालाची, त्याच बनावटीची. गजराबाईने ती गोधडी घालून अंगणात ठेवली होती. गावाबाहेर तिचं मिरचीचं तीन एकर शेत होतं, ती ते स्वतः करून घ्यायची. दगडू गेल्यावर तिने नवलला विचारलं होतं, "गाडी लेतस का?" त्याने गोधडी उचलून टायर दाबला, सीटवर थाप मारली आणि ते सुतकी तोंड केलं. "आठशे. त्याबी तू शेजारीण म्हनीसन." तिने गोधडी परत घातली आणि दोन वर्षं त्या गाडीचं नाव काढलं नाही.

मगनभाई उठून जाताना त्या अंगणात शिरला, गोधडीखाली डोकावला आणि गजराबाईला गोड आवाजात विचारलं, ती विकायची आहे का. ती नाही म्हणाली. नवलने ते बघितलं. त्याला दुसऱ्याच्या डोळ्यात मालाची हाव लगेच दिसते. ती त्याची रोजची भाकरी होती.

होळी झाल्यावर कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून नवल ते घेऊन माझ्या टंकयंत्रापाशी आला. मी वाचून सांगितलं. कंपनीचं म्हणणं असं की गाडी वापरलेली आहे, दर वर्षी झीज धरून शोरूमच्या किमतीतून इतकं वजा, रंग आणि टायर यांचं इतकं वजा, शिवाय कंपनीच्या तपासनिसाच्या मते असल्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळणं कठीण. सबब बाराशे रुपये देऊ. सोबत छापील पावती होती. तिच्यावर रेव्हेन्यू तिकीट लावून, रक्कम पूर्ण व अंतिम समजून मिळाली अशी सही करून पाठवावी.

नवलने पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून बघितलं. त्याचा चेहरा मला आधी संतापाचा वाटला. नीट बघितलं तर त्यात ओळख पटल्यासारखं काहीतरी होतं. "आप्पा," तो म्हणाला, "यो मन्हाच धंदा शे. रंग उडेल, टायर गयं, गिऱ्हाईक नही. मी रोज हाई बोलस. आनि हाई बेनं माले सांगी ऱ्हायना."

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. वीस वर्षं ज्याने लोकांचा माल तोंडाने सडवला त्याच्या मालावर कुणीतरी तोंड टाकलं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं. वर मात्र मी माझा धंदा केला. त्याला सांगितलं की त्या पावतीवर सही करू नको. सही केली की तंटा संपला, मग कंपनीकडे तुला बोलायला तोंड राहणार नाही.

"सही कोन करस," तो म्हणाला. "तू लिख. भाडखाऊ लिख."

मी म्हटलं, भाडखाऊला इंग्रजीत वजन नाही. तुझी पॉलिसी आण.

ती त्याच्या धोतराच्या घडीतून निघाली. मी ती शेवटपर्यंत वाचली, जे ती विकणाऱ्या एजंटानेसुद्धा केलं नसावं. तिथे स्पष्ट होतं की चोरी झाली त्या वेळची बाजारातली किंमत कंपनी देईल, मात्र पॉलिसीवर लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. शोरूमच्या किमतीचं आणि वर्षाला इतकी झीज असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शेवटी एक कलम होतं, रकमेबद्दल मतभेद झाला तर लवाद नेमावा. मी नवलला सांगितलं, आता फक्त बाजार काय म्हणतो हे दाखवायचं आहे. कंपनीच्या साहेबांना कागद लागतो.

नवल उठला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा आनंद दिसला, आणि तो बघून मला आनंद झाला नाही.

तो सरळ गजराबाईकडे गेला. तिला म्हणाला, तुझी गाडी एका दिवसापुरती दलसिंगच्या दुकानासमोर ठेव, सौदा होऊ दे, आणि शेवटी नाही म्हण. गजराबाईने विचारलं, "माले काय मियस?" तो म्हणाला, काही नाही. शेजारधर्म. ती जरा विचार करून हो म्हणाली. मला वाटलं, साधी बाई आहे. मी माणसांना क्षुद्र समजतो, पण कधी कधी एखाद्याला साधं समजूनही माझा अंदाज चुकतो.

दलसिंग हा जुना अडत्या. मार्केट कमिटीने मिरचीचे सौदे उघड बोलीने करायचा नियम केला होता, पण बैलजोडी, जुनं इंजिन, कपाट असल्या वस्तूंना दलसिंग अजून रुमाल टाकायचा. पद्धत अशी. गिऱ्हाईक येतो, दलसिंगच्या हातात हात देतो, वर रुमाल. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने काही नाही. एकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही. सगळ्यांचे हात झाले की दलसिंग रुमाल झटकतो आणि सगळ्यांत वरचा भाव आणि भाव देणाऱ्याचं नाव चारचौघांत मोठ्याने सांगतो. मग मालक 'दिला' म्हणेल तर सौदा, 'नाही' म्हणेल तर माल घरी. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. सुरतेच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही.

नवलने सुरतला मगनभाईंना पोस्टकार्ड टाकलं. गोड लिहिलं होतं, ते मीच लिहून दिलं. शेजारणीची स्कूटर अमुक दिवशी रुमालात निघते, साहेबांना इच्छा असेल तर या.

आणि साहेब आले. सकाळच्या गाडीने, कपाळावर घाम, बगलेत बॅग. दलसिंगच्या दुकानासमोर गोधडी काढलेली स्कूटर उभी, गजराबाई पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर बसलेली. तळोद्याचा डॉक्टर आला होता, मोलगीकडे लाकडाची कंत्राटं घेणारा एक होता, जिनवाल्याचा मुलगा होता. सगळे गाडीभोवती फिरत होते आणि एकमेकांना ऐकू जाईल अशा बेताने तिला नावं ठेवत होते. नवल एकटाच तिची स्तुती करत होता. ते ऐकून मिरचीबाजारातली माणसं कामं टाकून गोळा झाली.

मगनभाईला दलसिंगने पद्धत समजावली. बोटं, रुमाल, सगळं. शेवटी नाव पुकारलं जातं हे मात्र सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नाही. मगनभाई रुमाल बघून निर्धास्त झाला. आपण जे करतो ते झाकलेलं आहे असं वाटलं की माणूस खरा भाव सांगतो. त्याने हात आत घातला. त्याचा चेहरा मी जवळून बघत होतो. सहा वर्षं नाव नोंदवून सायकल मारणारा तो माणूस, आणि समोर चालती गाडी. बोटं दाबताना आधी त्याच्या खांद्याला एक हिसका बसला, मग भाव वाढवताना दुसरा. मला त्याची किंचित कीव आली. ती फार टिकली नाही.

दलसिंगने रुमाल झटकला आणि सवयीच्या आवाजात पुकारलं, "बत्तीसशे. मगनभाई सुरतवाला."

मगनभाईचं तोंड उघडं राहिलं. गजराबाईने मान हलवली, "नही." सौदा मोडला. दलसिंगने नेहमीप्रमाणे पावती फाडली, वस्तूचं वर्णन, गाडीचं साल, वरचा भाव, देणाऱ्याचं नाव, आणि खाली हात दिलेल्यांपैकी दोघांच्या सह्या. त्यातली एक डॉक्टरची. नवलने मगनभाईला चहा पाजायचा आग्रह केला. तो न पिता स्टेशनकडे निघून गेला.

त्याच दिवशी मी पत्र टाइप केलं. इंग्रजीत गेलं, पण आधी मराठीत रचलं होतं, ते असं:

"आपण देऊ केलेली रक्कम मी नाकारतो, आणि आपली छापील पावती सही न करता परत पाठवतो. पॉलिसीप्रमाणे आपण चोरीच्या वेळची बाजारातली किंमत देणे लागता, मर्यादा अडीच हजारांची. आपण बाजार न बघता शोरूमच्या किमतीतून वजाबाकी केली आहे. मालाला नावे ठेवल्याने मालाची किंमत ठरत नाही. घेणारा किती द्यायला तयार आहे, त्यावर ती ठरते. माझ्याच गाडीच्या सालाची आणि बनावटीची एक स्कूटर इथे जाहीर सौद्यात निघाली. सर्वांत वरचा भाव बत्तीसशे रुपये आला. तो देणारे गृहस्थ आपलेच तपासनीस श्री. मगनभाई आहेत, ज्यांच्या मते जुन्या गाडीला गिऱ्हाईक नाही. पावती सोबत जोडली आहे. तरी पॉलिसीवरची पूर्ण रक्कम द्यावी, नाहीतर मी लवादाची मागणी करीन."

नवलला मी ते वाचून दाखवलं. नावं ठेवण्याबद्दलच्या वाक्यावर तो जरा चुळबुळला, पण काढ म्हणाला नाही. पत्र पोहोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने गेलं. माझी मजुरी म्हणून त्याने मला एक पिशवी मिरची दिली. घरी जाऊन बघितली तर निम्मी फुटकी होती.

कंपनीकडून महिनाभर काही आलं नाही. मग दोन ओळींचं पत्र आलं. अडीच हजार मंजूर, पावतीवर सही करून पाठवावी. मगनभाईबद्दल एक अक्षर नव्हतं. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही.

नवलने सही केली, ड्राफ्ट बँकेत टाकला, आणि पैसे हातात येताच तो मला साक्षीला घेऊन गजराबाईच्या अंगणात गेला. तोवर मिरचीचा हंगाम सरत आला होता आणि तो पुऱ्या हंगामात पायी फिरला होता. दुसऱ्या दलालांनी त्याची निम्मी गावं खाल्ली होती. त्याला स्कूटर पाहिजे होती, आत्ता, आणि चालती एकच होती.

त्याने गोधडी उचलली. टायर दाबला. सीटवर थाप मारली. मी डोळ्यांनी बघत होतो तरी मला खरं वाटेना, पण ते सुतकी तोंड पुन्हा आलं. "वहिनी, रंग उडी गया शे. टायर बठेल शेतस. मी तुले पंधराशे देस."

गजराबाई सुपात दाणे पाखडत होती. सूप खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "आप्पा, तुन्हाकडे तो कागद शे ना? कंपनीले दिन्हा तो."

माझ्या पेटीत त्याचा मराठी मसुदा होता. तिने सांगितलं, वाच. मी वाचायला लागलो. नावं ठेवण्याबद्दलचं ते वाक्य आलं. मालाला नावे ठेवल्याने मालाची किंमत ठरत नाही. घेणारा किती द्यायला तयार आहे, त्यावर ती ठरते. तिने हात वर केला. मी थांबलो.

"बत्तीसशे," ती म्हणाली. "बजारमा पुकारेल शे. तूच पुकाराले लावं."

नवल म्हणाला, तो सौदा खोटा होता, दाखवण्यापुरता होता.

"खोटा व्हता त कंपनीनी पैसा कसाले दिन्हात?" ती म्हणाली. मग पदराच्या गाठीतून एक पोस्टकार्ड काढून माझ्यासमोर धरलं. सुरतेहून आलं होतं. मगनभाईंनी लिहिलं होतं की झालं गेलं विसरा, गाडी अजून असेल तर बत्तीसशे घेऊन येतो. साहेबांना नोकरीपेक्षा स्कूटर प्यारी होती.

तेव्हा मला कळलं की ती सौद्याला हो का म्हणाली होती. आपल्या गाडीचा खरा भाव काय हे शोधायला तिला नवलपेक्षा चांगला दलाल मिळाला नसता, आणि तो तिने फुकट वापरला होता. दोन वर्षं आठशे ऐकून ती गप्प बसली होती आणि मी तिला साधी समजत होतो. माझी मला लाज वाटली, पण नवलचं तोंड बघण्यात ती लवकर विसरली.

तो आत-बाहेर करत राहिला. शेजारधर्म काढला, दगडूची आठवण काढली, तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन परत आला. शेवटी घरी गेला आणि वरचे सातशे घेऊन आला. गजराबाईने नोटा घेतल्या, किल्ली दिली, आणि गोधडी मात्र ठेवून घेतली. "ती मन्ही शे," एवढंच म्हणाली.

पुढच्या मोसमात तिचा माल दलसिंगच्या ओट्यावर आला तेव्हा मी कामाने बाजारात गेलो होतो. ढीग भरपूर, बघावा असा. नवल स्कूटर लावून आला, हात घातला, एक मिरची उचलली, देठ मोडला, वास घेतला. आजूबाजूचे शेतकरी हातातली कामं थांबवून त्याच्याकडे बघत होते. पत्रातलं ते वाक्य तोवर शहाद्यापर्यंत पोचलं होतं. ते पोचवण्यात माझा थोडा हात होता, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

नवलने तोंड उघडलं. गजराबाईने दलसिंगच्या खांद्यावरचा रुमाल घेतला आणि त्याच्यापुढे धरला. मिरचीला रुमाल चालत नाही हे तिलाही माहीत होतं. नवलने रुमालाकडे बघितलं, मग ढिगाकडे. तोंड मिटलं, हातातली मिरची जिथून घेतली तिथे परत ठेवली, आणि चारचौघांत मोठ्याने भाव सांगितला. भाव खरा होता.